चोवीस युरोंची घट

“इकडून किती जातंय ते नको बघूस गं, तिकडे किती पोचतंय ते विचार,” असं वैजयंती मॅडम मला म्हणाल्या, तेव्हा मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बँकेची बाई बँकेचंच बोलणार.

वैजयंती मॅडम आमच्या घणसोलीच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायच्या टेबलावर बसतात. गेल्या वर्षी शिवतेजची पहिली फी त्यांनीच पाठवली होती. शिवतेज माझा धाकटा भाऊ, चोवीस वर्षांचा. लाटव्हिया नावाच्या देशात, रिगा शहरात, एका खाजगी कॉलेजात लॉजिस्टिक्स शिकायला गेला. पैसे आबांचे. आबा म्हणजे आमचे वडील, कृष्णात. पाटण तालुक्यातून येऊन त्यांनी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये एकतीस वर्षं माथाडी म्हणून पोती उचलली. निवृत्त झाल्यावर फंडाची रक्कम हातात आली, त्यातला मोठा भाग त्यांनी न विचारता शिवतेजच्या नावावर धरला. त्यांच्या मानेखाली, खांद्याच्या वर, पोतं टेकून टेकून एक गाठ आली आहे. लहानपणी शिवतेज ती दाबून बघायचा आणि आबा म्हणायचे, तुला असली गाठ येऊ द्यायची न्हाई.

पैसे आबांच्या खात्यातले, सही आबांची, पण हिशोब माझा. मी बी.कॉम. झालेली. लग्नानंतर दोन वर्षं एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्सला होते, जाईच्या वेळी सोडलं. जाई आता दोन वर्षांची आहे. घरात पैशांचा कागद आला की तो आपोआप माझ्यासमोर येतो.

या सप्टेंबरात दुसऱ्या वर्षाचा हप्ता होता, दोन हजार सातशे पन्नास युरो. शेवटची तारीख तीस सप्टेंबर. शिवतेजने बजावून सांगितलं होतं की या वेळी एक दिवसही उशीर चालणार नाही. मागच्या हप्त्याला त्याने मुदत वाढवून घेतली होती, आणि पुन्हा मागणार नाही असं लिहून दिलं होतं. मी म्हटलं, तू तुझ्या फूड डिलिव्हरीच्या सायकलकडे लक्ष दे, फीचं माझ्यावर सोड.

एकोणीस तारखेला, शुक्रवारी, मी बँकेत गेले. मॅडमनी त्या दिवसाचा दर सांगितला, एका युरोला एकशे पाच रुपये पन्नास पैसे. वर बँकेचे चार्जेस हजार, त्यावर जीएसटी एकशे ऐंशी, आणि परदेशातल्या बँकांचे दीड हजार. मला ते सगळं जड वाटलं. गुगलवर दर एकशे चारच्याही खाली दिसत होता. मॅडम म्हणाल्या, तो मोठ्या बँकांचा आपापसातला दर असतो, गिऱ्हाइकाला कोणीच देत नाही. प्रत्येक जण त्यावर आपलं काहीतरी ठेवतो. कोणी ते दरात ठेवतो, कोणी चार्जेसमध्ये.

तिथून मी जाईला कडेवर घेऊन बसने वाशीला गेले. सेक्टर सतरामध्ये पैसे बदलून देणारं एक दुकान आहे, काचेच्या दारावर “परदेशी शिक्षण फी, शून्य चार्जेस” असं लिहिलेलं. काउंटरला जयप्रकाश नावाचा माणूस होता, चाळिशीचा, बोलायला एकदम गोड. त्याने दर दिला एकशे चार चाळीस. चार्जेस खरंच शून्य. रुपये युरोत बदलताना लागणारा जीएसटी साधारण साडेतीनशे, पण तो बँकेतही तेवढाच होता. दहा लाखांच्या आत असल्यामुळे टीसीएस, म्हणजे आधीच कापून घेतात तो कर, दोन्हीकडे नाही. मी घरी येऊन जाईच्या चित्रकलेच्या वहीत दोन रकाने पाडले. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला दुकान. फरक निघाला पाच हजार सातशे पाच रुपये.

पाच हजार सातशे म्हणजे आमच्या खोलीचं पाऊण महिन्याचं भाडं. आम्ही घणसोली गावात राहतो, गावठाणात, जिथे दोन इमारतींमधून छत्री उघडून जाता येत नाही. माझे मिस्टर निशांत रबाळेला एका कंपनीत सुपरवायझर आहेत. पाच हजार सातशे कोणी रस्त्यात टाकलेले बघून मी पुढे जाईन का?

मी मॅडमना फोन करून सांगितलं की दुकानात दर चांगला आहे. तेव्हा त्यांनी वर लिहिलेलं ते वाक्य म्हटलं. पुढे असंही म्हणाल्या की पैसे इथून थेट तिथे पडत नाहीत, मध्ये एखादी बँक लागते, आणि तिचे पैसे कोण भरणार ते फॉर्मवर लिहावं लागतं. मी हो हो म्हटलं. जाई रडत होती. आणि दुकानात गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर असंच बोलणार, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

तरी मी लगेच पाठवले नाहीत. दर उतरेल असं वाटलं. शनिवार-रविवार गेले. सोमवारी दुकानाचा दर एकशे चार पंचाहत्तर झाला. मंगळवारी एकशे चार पन्नासवर आला. बुधवारी सकाळी जयप्रकाशने मेसेज केला, एकशे चार दहा. शुक्रवारच्यापेक्षा तीस पैसे कमी, म्हणजे सगळ्या रकमेवर आठशे पंचवीस रुपये. पाच दिवस थांबून मी आठशे पंचवीस रुपये वाचवले. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे लपवत नाही.

बुधवारी आबांना घेऊन गेले. आबांचं पॅन, आधार, शिवतेजचा पासपोर्ट, तिथला राहण्याचा परवाना, कॉलेजचं फीचं बिल, सगळं फाइलमध्ये लावून. आधी आबांच्या बँकेतून दुकानाच्या खात्यात आरटीजीएस केलं, कारण एवढी रक्कम रोख घेत नाहीत, आणि पैसे ज्याचे त्याच्याच खात्यातून यावे लागतात. पैसे जमा झाले तसा जयप्रकाशने दर बुक केला. दोन लाख शहाऐंशी हजार दोनशे पंचाहत्तर, वर जीएसटी. मग फॉर्म भरायला घेतला. एका ओळीवर त्याचं पेन थांबलं.

“मॅडम, बाहेरच्या बँकेचे चार्जेस आपण भरायचे की शेअरिंगमध्ये टाकू? आपण भरले तर फुल अमाउंट पोचते. दीड हजार एक्स्ट्रा होतील.”

“शून्य चार्जेस म्हणालात ना तुम्ही?”

“आमचे शून्य. बाहेरची बँक आमची नाही ना मॅडम. टेन्शन नाही, शेअरिंगला पंधरा-वीस युरो कटतात. बरेच लोक तेच करतात, घरखर्चाला पाठवणारे.”

मी आबांकडे बघितलं. आबा खुर्चीच्या काठावर बसले होते, एसीत घाम पुसत. मी त्यांना सोप्या भाषेत सांगितलं की वाटेत थोडे कापले जातील, नाहीतर दीड हजार जास्त द्यायचे.

“किती कापत्यात?”

“पावणेतीन हजारातले वीसेक.”

आबा हसले. म्हणाले, “लासलगावहून गाडी निगती, वाशीत येईस्तोवर पोत्यामागं किलो-दीड किलो कांदा सुकून जातोय. घट धरूनच माल घेत्यात. वीसासाठी कोन गाडी माघारी लावतंय? ऱ्हाऊ दे दीड हजार, जाईला कायतरी घे.”

आबांनी एकतीस वर्षं जे पाहिलं ते बोलले. काट्यावर वजन थोडं कमी भरलं म्हणून कुणा व्यापाऱ्याने गाडी परत पाठवलेली त्यांनी पाहिली नव्हती. मला मात्र कळायला हवं होतं. फीच्या बिलाच्या तळाला इंग्रजीत बारीक अक्षरात ओळ होती: पूर्ण रक्कम मुदतीत खात्यावर पोचली पाहिजे, बँकांचे सर्व चार्जेस पाठवणाऱ्याचे. ती ओळ मी वाचली होती. मला वाटलं, आपले चार्जेस शून्यच आहेत, मग पाठवणाऱ्याचे काय नि कोणाचे काय. गेल्या वर्षी बँकेतून गेले तेव्हा पूर्णच्या पूर्ण पोचले होते. मॅडमनी तेव्हा न विचारताच तसा फॉर्म भरला होता, हे मला माहीतच नव्हतं.

मी जयप्रकाशला म्हटलं, शेअरिंग टाका.

त्याने तसं टाकलं. त्याने मला फसवलं नाही. त्याने विचारलं होतं.

दीड हजार भरूनही दुकान बँकेपेक्षा चार हजारांनी स्वस्त होतं, हे मी नंतर, फार नंतर, त्याच वहीत मांडून बघितलं.

गुरुवारी दुकानाच्या भागीदार बँकेतून पैसे निघाले, मला पावतीची कॉपी आली, मी ती शिवतेजला पाठवली. त्याने हात जोडलेला इमोजी टाकला. शुक्रवारी काही नाही. शनिवार-रविवार सगळीकडे बँका बंद. सोमवारीही काही नाही. मंगळवारी, म्हणजे तीस तारखेला, तिथल्या दुपारी तीन वाजता कॉलेजच्या खात्यावर जमा झाले दोन हजार सातशे सव्वीस युरो.

चोवीस कमी.

कॉलेजचा मेल शिवतेजला तीन वाजून पाच मिनिटांनी गेला. तो सायकलवर लोकांची जेवणं पोचवत होता. त्याने मेल सात वाजता बघितला. उभ्या उभ्या स्वतःच्या खात्यातून चोवीस युरो पाठवले. त्याच्याकडे होते, चोवीस युरो त्याच्याकडे नव्हते असं नाही. पण कॉलेजच्या खात्यावर ते एक ऑक्टोबरच्या तारखेने पडले. एक ऑक्टोबरला सकाळी तो ऑफिसात गेला तेव्हा फी भरलेल्यांची यादी निघालेली होती आणि यादीत त्याचं नाव नव्हतं. पूर्ण रक्कम मुदतीत नाही म्हणजे फी भरलेली नाही, आणि हा मुलगा मागेही चुकला होता, कागदावर सही त्याचीच होती. पुन्हा प्रवेश घ्यायचा तर पूर्ण वर्षाची फी एकदम. आणि विद्यार्थी राहिला नाही की तिथल्या परवान्याच्या ऑफिसला कळवणं कॉलेजला भागच असतं.

हे सगळं त्याने मला फोनवर शांतपणे सांगितलं. मी एकोणीस तारखेलाच पाठवले असते तर पंचवीसपर्यंत कमी पडल्याचं कळलं असतं, त्याला चोवीस युरो भरायला पाच दिवस मिळाले असते. हे त्याने म्हटलं नाही. मीच म्हटलं, मनात.

तो एवढंच म्हणाला, “आक्का, आबांना नको सांगू. मी बघतो काहीतरी.”

मी सांगितलं नाही.

पूर्ण वर्षाची फी साडेपाच हजार युरो. फंडातले तेवढे उरले नव्हते. मी निशांतशी बोलले, त्यांनी त्यांच्या ऑफिसात लोनचं विचारलं. कॉलेजला मी तीन मेल लिहिले, पावत्या जोडल्या, मधल्या बँकेने पैसे कापल्याचं पत्र जयप्रकाशकडून काढून घेतलं. तो बिचारा दोनदा भागीदार बँकेत गेला माझ्यासाठी. कॉलेजचं उत्तर एकच आलं, सभ्य भाषेत. ऑक्टोबरच्या शेवटी शिवतेजला परवाना रद्द झाल्याची नोटीस आली आणि देश सोडायची तारीख मिळाली. हॉस्टेलची खोली त्याच आठवड्यात गेली. मी म्हटलं, परत ये, तिकीट काढते. तो म्हणाला, बघतो. मी म्हटलं, बघतो काय, ये. तो म्हणाला, आबांच्या समोर कसा उभा राहू?

सात नोव्हेंबरला दुपारी मी जाईला भरवत होते आणि आबा दारात आले. कोपरखैरण्याच्या त्यांच्या माथाडी चाळीतून चालत आले होते. हातात पेढ्यांचा पुडा. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. बँकेचा मेसेज होता. परदेशातून दोन लाख साठ हजार सहाशे बेचाळीस रुपये जमा.

मला एका क्षणात कळलं. कॉलेजने आपले दीडशे युरो ठेवून फी परत केली होती. पैसे जिथून निघाले तिथेच परत येतात. येताना वाटेत आणखी पंचवीस युरो कापले गेले, आणि बँकेने या वेळी घ्यायचा दर लावला, एकशे दोन तीस, त्यातूनही जीएसटी कापला. पाठवताना युरो महाग असतो, परत आला की स्वस्त. सव्वीस हजार रुपये जाण्यायेण्यात संपले होते.

आबांना त्यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी पोरगं परदेशात आहे आणि परदेशातून पैसे आले आहेत.

“पोराची पयली कमाई,” ते म्हणाले. “मार्केटात समद्यास्नी पेढं वाटून आलोय. सिताराम म्हनत हुता, कृष्णाता, तुझं पांग फिटलं. त्येला फोन लाव की, दोन दिस झालं उचलत न्हाई.”

मी फोन लावला. शिवतेजने उचलला नाही. मी म्हटलं, कामावर असेल. आबांनी जाईच्या तोंडात पेढ्याचा तुकडा घातला आणि मी घास घेऊन तशीच बसून राहिले. सांगायचं तेव्हाच होतं. एवढा आनंदी चेहरा त्यांचा मी आईच्या जाण्यानंतर बघितला नव्हता, म्हणून सांगितलं नाही. याला दुसरं काही नाव देता येत नाही, मी भ्याले.

त्या संध्याकाळी मी शिवतेजला मेसेजमध्ये हे लिहिलं. का लिहिलं, अजून कळत नाही. वाटलं, आबा रागावलेले नाहीत हे कळलं तर येईल. मी लिहिलं की आबांना वाटतंय तू कमवून पाठवलेस, सगळ्या मार्केटला पेढे वाटलेत. मेसेजला दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे त्याने वाचलं. तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे.

आज त्याला एकोणीस दिवस झाले.

मी जे करायचं ते केलं आहे. दूतावासाला मेल केला. त्यांनी त्याची माहिती घेतली, तिथल्या पोलिसांकडे नोंद करायला सांगितलं, ती निखिलने केली. निखिल त्याच्या वर्गातला, नागपूरचा मुलगा. निखिलनेच सांगितलं की चौदा तारखेच्या आसपास कुणीतरी शिवतेजला नदीकाठच्या मोठ्या बाजारात बघितलं, पहाटेच्या गाड्या खाली करणाऱ्यांमध्ये, बटाट्याच्या पोत्याखाली. निखिल दोनदा जाऊन आला, सापडला नाही. तिथे आता दिवसाही शून्याच्या खाली जातंय म्हणे. त्याने इथून नेलेलं जाकीट मी सीवूड्सच्या मॉलमध्ये सेलमध्ये घेतलेलं, ते तेवढ्या थंडीचं नाही. तेही मी दोन दुकानांत किंमत करून स्वस्तातलं घेतलं होतं.

वैजयंती मॅडमना भेटले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा फॉर्म काढला आणि बाहेरचे चार्जेस कोण भरणार ती ओळ बोटाने दाखवली, जणू अजून भरायचा आहे. मग परत ठेवून दिला. त्यांच्याकडे माझ्या मागे एक बाई रांगेत होती, मुलाची फी घेऊन. मी तिला थांबवून सांगितलं, पूर्ण पोचतील असं लिहून घ्या. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मॅडमकडे बघितलं होतं.

आबांना मी काल सांगितलं. सगळं, चोवीस युरोंपासून. ते म्हणाले, “घट मी म्हनलो हुतो.” मी म्हटलं, नाही आबा, फॉर्म मी भरला. त्यांनी मान हलवली आणि पासबुक माझ्या हातात दिलं. म्हणाले, त्यातलं तिकिटाला लागतील तेवढं काढ, तिकीट काढून ठेव, नाव घालून. मी म्हटलं, तारीख कुठली घालू? आज सकाळी ते माझ्याकडे आले नाहीत, फोन केला तर म्हणाले, मार्केटात आहे, नुसता बसलोय.

म्हणून हे लिहिते आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा मुलगा, भाची, मित्र रिगात असेल, किंवा तुम्ही स्वतः तिथे असाल, तर एक काम करा. नदीकाठच्या त्या मोठ्या बाजारात सकाळी लवकर जा. उंच नाही, साडेपाच फूट, सावळा, डाव्या भुवईत जुनी खोक आहे, निळं पातळ जाकीट असेल. शिवतेज म्हणून हाक मारा, मराठीत. पळून जायला लागला तर पाठलाग करू नका, फक्त एवढं मोठ्याने सांगा, की आबांना सगळं कळलंय आणि त्यांनी तिकीट काढून ठेवायला सांगितलंय. कमी पैसे आक्काने पाठवले होते, त्याने नाही. तो जेवलाय का तेवढं विचारा, आणि मला कळवा.